छोट्या प्रायव्हेट लिमिटेडचा डायरेक्टर्स रिपोर्ट: आधी रिस्क, मग डिव्हिडंड, शेवटी धंदा

प्रश्न: आमची घरची छोटी प्रायव्हेट लिमिटेड आहे, वसईला गाळा. बऱ्याच दिवसांनी या वर्षी बरा प्रॉफिट झालाय, भाऊ म्हणतो डिव्हिडंड काढू. अकाउंटंटने मागच्या वर्षीच्या डायरेक्टर्स रिपोर्टची फाइल पाठवली, म्हणे तारखा बदला आणि सही करा. त्यात कामकाज एका ओळीत, डिव्हिडंड नाही, रिस्क नाही. नक्की काय लिहायचं असतं यात आणि किती?

उत्तर: ती फाइल उघडा आणि त्यात तीन शब्द शोधा. एमजीटी-9, इंडिपेंडंट डायरेक्टर, आणि डिव्हिडंड डिस्ट्रिब्युशन टॅक्स. यातला एक जरी सापडला तरी समजा की हा रिपोर्ट कुठल्यातरी जुन्या, बहुतेक मोठ्या कंपनीच्या रिपोर्टवरून उचललाय आणि वर्षानुवर्षं नुसत्या तारखा बदलत आलाय. एमजीटी-9 म्हणजे अ‍ॅन्युअल रिटर्नचा उतारा, तो जोडायची भानगड केव्हाच संपली, तुमच्यासारख्या प्रायव्हेट कंपनीला इंडिपेंडंट डायरेक्टर लागत नाही, आणि तो टॅक्स 1 एप्रिल 2020 पासून नाहीच, आता डिव्हिडंडवर टॅक्स शेअरहोल्डरच्या हातात लागतो. मी हसत नाहीये, नवीन असताना मीच एका क्लायंटच्या रिपोर्टात "वर्षात बोर्डाच्या 4 मीटिंग झाल्या" तसंच ठेवलं होतं आणि मिनिट्स बुकात दोनच होत्या. छोट्या कंपनीला कायद्याने दोन चालतात, कॅलेंडर वर्षाच्या प्रत्येक अर्ध्यात एक आणि मध्ये किमान 90 दिवस, म्हणजे खरं लिहिलं असतं तर काहीच बिघडत नव्हतं. खोटं मात्र दोन डायरेक्टरांच्या सहीने फाइल झालं.

आता कायदा काय मागतो ते पटकन सांगतो. रिपोर्टाचं मूळ कंपनी कायद्याचं कलम 134, त्याची यादी लांबलचक. पण 2018 मध्ये छोट्या कंपन्यांसाठी अकाउंट्स रूल्समध्ये 8ए नावाचा वेगळा नियम आला, त्यात आखूड रिपोर्ट चालतो: बोर्ड मीटिंगची संख्या, डायरेक्टरांचं जबाबदारीचं स्टेटमेंट, ऑडिटरने कळवलेले फ्रॉड, ऑडिटरच्या प्रत्येक शेऱ्यावर बोर्डाचं उत्तर, कंपनीची स्थिती, आकड्यांचा गोषवारा, वर्ष संपल्यानंतरचे महत्त्वाचे बदल, कोण डायरेक्टर आले गेले, कोर्टाचे मोठे आदेश, वेबसाइट असेल तर अ‍ॅन्युअल रिटर्नचा पत्ता, आणि घरच्यांशी केलेल्या व्यवहारांचा एओसी-2 फॉर्म. छोटी कंपनी म्हणजे भांडवल आणि टर्नओव्हर दोन्ही मर्यादेच्या आत, 2022 मध्ये ती मर्यादा 4 कोटी आणि 40 कोटी केली होती आणि पुढे आणखी वर गेली, सहा-सात कोटीवाला वसईचा गाळा कुठल्याही हिशोबाने आतच. एक गोम आहे, तुमची कंपनी दुसऱ्या कंपनीची होल्डिंग किंवा सब्सिडियरी असेल तर टर्नओव्हर 50 लाख असला तरी ती "छोटी" नाही, मग पूर्ण 134 लागतं. हे आधी बघून घ्या, भावाने वेगळी कंपनी काढून त्यात या कंपनीचे शेअर टाकलेले असले तर लोकांना आठवतसुद्धा नाही.

आणि बघा, 8एच्या यादीत डिव्हिडंडही नाही आणि रिस्कही नाही. म्हणून तुमच्या अकाउंटंटचं टेक्निकली चूक नाही. पण डिव्हिडंड द्यायचा असेल तर त्याची शिफारस बोर्डाने करायची असते आणि "कंपनीची स्थिती" हे कलम यादीत आहेच, ज्या कंपनीचा निम्म्याहून जास्त माल एकाच गिऱ्हाइकाला जातो तिची स्थिती ते न सांगता कशी सांगणार? शिवाय जबाबदारीच्या स्टेटमेंटमध्ये तुम्ही लिहून देता की कंपनी चालू राहणार या गृहीतावर हिशोब केलेत. ते लिहिताना काय बुडवू शकतं याचा विचार केला नसेल तर ती ओळ नुसती टाइप केलेली राहते.

मी हा रिपोर्ट उलटा लिहितो. आधी रिस्क, मग डिव्हिडंड, आणि सगळ्यात शेवटी वर्षाचं कामकाज, कागदावर क्रम मात्र नेहमीचाच ठेवतो. कारण कामकाजापासून सुरुवात केली की माणूस "यंदा समाधानकारक वाढ" लिहून मोकळा होतो, मग खालचे दोन पॅरा त्या खुशीतच लिहिले जातात. एक केस सांगतो, आकडे थोडे बदललेत, पण तुमच्यासारखीच, वसई पूर्वेला गाळा, कोरुगेटेड बॉक्सचा धंदा, दोन भाऊ आणि आई शेअरहोल्डर. भांडवल 10 लाख, म्हणजे 10 रुपयांचे एक लाख शेअर, भावांकडे 45-45 हजार आणि आईकडे 10 हजार. विक्री 5.5 कोटीची 6.2 कोटी झाली, टॅक्स भरून नफा 31 लाख, आदल्या वर्षी फक्त 6 होता. थोरला म्हणाला, साहेब 20 लाख काढू, इतकी वर्षं काहीच घेतलं नाही.

मी म्हटलं आधी सांगा, झोप कशाने उडते? तो लगेच म्हणाला कागद. क्राफ्ट पेपर. वर्षाला 1,100 टन लागतो, गेल्या वर्षी 3.9 कोटी रुपये नुसत्या कागदाचे. आता गणित करा, किलोमागे एक रुपया वाढला की वर्षाला 11 लाख गेले, आणि कागद एका रुपयाने हलणं म्हणजे यांच्याकडे चहा पिता पिता घडणारी गोष्ट. गिऱ्हाइकांचे रेट मात्र वर्षातून एकदा जुलैमध्ये ठरतात. म्हणजे ऑगस्टमध्ये कागद वर गेला तर पुढचे अकरा महिने तो फटका यांच्या खिशातून. धाकटा म्हणाला ते ठीक आहे पण मोठी पार्टी पेमेंट करत नाही ते सांग ना. विक्रीच्या 58 टक्के एकाच पार्टीला, 31 मार्चला तिच्याकडून 79 लाख येणं आणि त्यातले 41 लाख 90 दिवसांच्या वरचे. बँक सीसीची, म्हणजे कॅश क्रेडिटची, ड्रॉइंग पॉवर म्हणजे किती उचलता येईल ते काढताना 90 दिवसांवरचं येणं धरत नव्हती, म्हणजे माल गेला, बिल केलं, आणि त्या बिलावर बँकेकडून उचलही मिळत नाही.

ही दोन वाक्यंच त्यांची रिस्क. बाकी "स्पर्धा, शासकीय धोरणं, जागतिक अनिश्चितता" हे मी खोडून टाकतो, ते गुटख्याच्या कंपनीलाही लागू आणि शाळेलाही. रिपोर्टात शेवटी जे गेलं ते साधारण असं, इंग्रजीत फाइल झालं पण ड्राफ्ट आम्ही मराठीतच बोलून केला:

"कंपनीच्या वर्षाच्या विक्रीपैकी 58 टक्के विक्री एका ग्राहकाला झाली. वर्षअखेर त्याच्याकडील 41 लाख रुपये 90 दिवसांहून अधिक काळ येणे होते, त्यापैकी 18 लाख या अहवालाच्या तारखेपर्यंत वसूल झाले. मंडळाने त्या ग्राहकाची उधारी मर्यादा 60 लाख ठरवली आहे आणि दोन नव्या ग्राहकांना पुरवठा सुरू केला आहे. क्राफ्ट पेपरचा दर किलोमागे 1 रुपयाने वाढल्यास वार्षिक खर्च सुमारे 11 लाखांनी वाढतो. पुढील दरकरारांत कागदाच्या दराशी जोडलेले कलम घालण्याचा कंपनीचा प्रयत्न आहे."

यात पार्टीचं नाव नाही ते बघा. हा रिपोर्ट एओसी-4 या हिशोबाच्या फॉर्मसोबत एमसीएकडे, म्हणजे कंपनी मंत्रालयाकडे जातो आणि थोडी फी भरून कोणीही तो त्यांच्या साइटवरून बघू शकतो, तुमच्या शेजारच्या गाळ्यातला बॉक्सवालासुद्धा. त्यामुळे आकार सांगा, नाव नको, बॉक्सचा रेट नको, मार्जिन नको. आणि "प्रयत्न आहे" लिहिलं कारण कलम अजून कुठल्याच करारात आलेलं नव्हतं. थोरल्याला "घातले आहे" हवं होतं, म्हटलं पुढच्या वर्षी घाला मग लिहू.

आता डिव्हिडंड. लोकांना वाटतं 31 लाख नफा म्हणजे 31 लाखांपर्यंत वाटता येतात. बॅलन्स शीटमध्ये खाली बघा, यांच्याकडे सुरुवातीची शिल्लक उणे 14 लाख होती, जुन्या वाईट वर्षांचा खड्डा. कलम 123 म्हणतं की आधीचे तोटे आणि न धरलेला घसारा या वर्षाच्या नफ्यातून भरून काढल्याशिवाय डिव्हिडंड जाहीर करता येत नाही. म्हणजे 31 वजा 14, उरले 17. थोरल्याचे 20 लाख इथेच कायद्याने बसले. जमीन किंवा मशीनचं रिव्हॅल्युएशन करून आलेला वाढीव आकडा यात धरता येत नाही, हेही सांगून ठेवतो कारण तो प्रश्न हमखास येतो.

पण 17 लाख ही फक्त कायद्याची वरची रेघ. पैसे कुठे आहेत ते वेगळं बघावं लागतं. नफा 31 आणि घसारा 12, म्हणजे धंद्यातून 43 लाख आले असं वाटतं. त्यातून येणं 46 लाखांनी वाढलं, स्टॉक 9 ने वाढला, उलट बाजूला कागदवाल्यांचं देणं 15 ने वाढलं, आणि टर्म लोनचे 8 लाख फेडले. 43 वजा 55 अधिक 15 वजा 8, झाले उणे 5. नफ्याच्या वर्षी सीसीचा वापर 66 वरून 71 लाखांवर गेला आणि लिमिट 80. तिथे 17 लाख वाटायचे म्हणजे बँकेचे पैसे काढून घरी न्यायचे. हा चार ओळींचा हिशोब कॅश फ्लो स्टेटमेंटसारखाच, पण छोट्या कंपनीला ते स्टेटमेंट बनवायची सक्ती नाही म्हणून कोणी बनवतच नाही आणि मग डिव्हिडंडची चर्चा नफ्याच्या आकड्यावर होते.

शिवाय सँक्शन लेटर काढून बघितलं तर त्यात अट होती, बँकेच्या लेखी संमतीशिवाय डिव्हिडंड द्यायचा नाही. ही अट बहुतेक सीसीच्या कागदांत कुठेतरी असतेच, पान 7-8 वर बारीक अक्षरात, आणि ती कोणाला माहीत नसते. बोर्ड मीटिंगच्या आधीच मेल टाकला, उत्तराला नऊ दिवस लागले. तुमच्याकडे लोन असेल तर हे पहिलं करा.

ऑगस्टपर्यंत मोठ्या पार्टीकडून 18 लाख आले नसते तर मी डिव्हिडंड शून्य सुचवला असता. ते आले, म्हणून शेअरमागे 6 रुपये ठरले, 60 टक्के, एकूण 6 लाख. भावांना 2.7 लाख प्रत्येकी, आईला 60 हजार. रिपोर्टात फक्त एवढं: मंडळ 10 रुपयांच्या प्रत्येक पूर्ण भरलेल्या इक्विटी शेअरवर 6 रुपये, एकूण 6,00,000 रुपये लाभांशाची शिफारस करते, वार्षिक सभेच्या मंजुरीच्या अधीन, आणि वर्षभराच्या नफ्यातून मागील तोटा वजा करूनच ही रक्कम काढली आहे. "शिफारस" हाच शब्द हवा. बोर्ड फायनल डिव्हिडंड जाहीर करत नाही, ते एजीएम करते, आणि आर्टिकल्स नेहमीच्या नमुन्यातले असले तर एजीएम तो कमी करू शकते पण वाढवू शकत नाही. रिझर्व्हला काही ट्रान्सफर करायची सक्ती नव्या कायद्यात नाही, जुन्या कायद्यातल्या टक्केवारीची ओळ तुमच्या फाइलीत असेल तर ती उडवा.

इथेच एक चूक मी दर वर्षी बघतो. रिपोर्टातल्या आकड्यांच्या तक्त्यात लोक 17 लाखांतून 6 लाख वजा करून शिल्लक 11 दाखवतात, आणि बॅलन्स शीटमध्ये मात्र 17. वर्ष संपल्यानंतर सुचवलेला डिव्हिडंड 31 मार्चचं देणं धरायचा नाही, अकाउंटिंग स्टँडर्ड 4 मध्ये 2016 ला हा बदल झाला, तो फक्त नोट्समध्ये सांगायचा. जुन्या टेम्प्लेटमध्ये "प्रपोज्ड डिव्हिडंड" ची वजाबाकी तशीच बसलेली असते. तक्त्याची शेवटची ओळ आणि बॅलन्स शीटमधली सरप्लसची ओळ शेजारी ठेवून बघा, रुपया रुपया जुळली पाहिजे.

आणि डिव्हिडंड कमी ठेवला म्हणून भावाने "अ‍ॅडव्हान्स" म्हणून कंपनीतून पैसे उचलायचे, हे नको. दहा टक्के किंवा जास्त मताधिकार असलेल्या शेअरहोल्डरला अशी कंपनी कर्ज देते तेव्हा साठलेल्या नफ्यापर्यंत ते इन्कम टॅक्समध्ये डिव्हिडंडच धरलं जातं, आणि नंतर परत केलं तरी ते सुटत नाही. डायरेक्टरला कर्ज देण्यावर कंपनी कायद्याचंही कलम 185 आहे, प्रायव्हेट कंपनीला त्यातून सूट मिळते पण बँकेचं वगैरे कर्ज भांडवलाच्या दुपटीहून कमी असेल तर. यांचं भांडवल 10 लाख आणि नुसती सीसी 71 लाख, सूट कुठली मिळते.

एवढं झाल्यावर कामकाजाचा पॅरा आपोआप प्रामाणिक होतो. "विक्री 13 टक्के वाढली" खरंच आहे, पण टनात बघितलं तर 1,010 टनांवरून 1,030, म्हणजे जेमतेम 2 टक्के. बाकीची वाढ जुलैमध्ये मिळालेल्या जादा रेटची आणि 5 प्लाय छापील बॉक्सचा वाटा वाढल्याची, आणि त्या वर्षी कागद नेमका स्थिर राहिला म्हणून नफा 6 चा 31 झाला. हे लिहिलं की वाचणाऱ्याला वर्षही कळतं आणि पुढच्या पानावरची कागदाची रिस्क का आहे तेही. माझं म्हणणं असं की कामकाजाच्या पॅरात विक्रीच्या आकड्याशेजारी एक तरी मोजमापाचा आकडा हवा, टन, नग, ट्रिपा, जे तुमच्या धंद्यात मोजलं जातं ते.

वर्ष संपल्यानंतर घडलेलंही यात येतं. त्या जुलैत गाळ्यात पाणी शिरलं, खालच्या ओळीतले रीळ भिजले, सात लाखांचा माल. क्लेम टाकला होता पण सर्व्हेअरचा रिपोर्ट आलेला नव्हता, म्हणून "नुकसान सुमारे 7 लाख, विमा दावा दाखल, निर्णय प्रलंबित" इतकंच लिहिलं. "विम्यातून भरून निघेल" असं धाकट्याने टाइप केलं होतं, ते काढलं. पुढे कापाकापी होऊन साडेपाच मिळाले.

सही आणि तारखांकडे नीट बघा, घोळ इथेच पकडला जातो. हिशोब आणि रिपोर्ट दोन्ही बोर्डाच्या प्रत्यक्ष मीटिंगमध्ये पास व्हावे लागतात, सर्क्युलर रिझोल्यूशन फिरवून चालत नाही. रिपोर्टवर बोर्डाने अधिकार दिलेल्या चेअरमनची सही, नाहीतर दोन डायरेक्टरांची, मॅनेजिंग डायरेक्टर असेल तर त्यातला एक तो. रिपोर्टाची तारीख ऑडिट रिपोर्टच्या आधीची नसावी, कारण ऑडिटरच्या शेऱ्यांना उत्तर देताय आणि शेरे अजून लिहिलेच गेले नाहीत असं कसं होईल, तरी असे रिपोर्ट दर सीझनला येतात. चूक झाली तर कंपनीला 3 लाख आणि प्रत्येक दोषी अधिकाऱ्याला 50 हजार दंड, छोट्या कंपनीला निम्मा.

यांची बोर्ड मीटिंग 4 सप्टेंबरला झाली, नोटीस 5 ला मेलने गेली, मधले पूर्ण 21 दिवस सोडून एजीएम 27 ला. एजीएममध्ये डिव्हिडंड जाहीर झाला की पाच दिवसांत ती रक्कम शेड्यूल्ड बँकेतल्या वेगळ्या खात्यात भरायची असते, घरचेच तीन शेअरहोल्डर असले तरी. 27 पासून पाचवा दिवस 2 ऑक्टोबर, बँक बंद. म्हणून खातं आधीच उघडून ठेवलं आणि 29 लाच पैसे टाकले. 30 दिवसांत वाटप, उशीर झाला तर 18 टक्के व्याज, आणि एओसी-4 लाही 30 दिवसच, दोन्हीची शेवटची तारीख 27 ऑक्टोबर. एमजीटी-7ए ला, म्हणजे अ‍ॅन्युअल रिटर्नला, 60 दिवस मिळतात. टीडीएस 10 टक्के कापून भावांना 2 लाख 43 हजार प्रत्येकी आणि आईला 54 हजार खात्यात गेले, आईने विचारलं सहा हजार कुठे गेले, ते समजावायला थोरल्याने मला फोन लावून दिला.